धार मध्येच तुटते तेव्हा



आज आम्ही मुलांच्या आणि पुरुषांच्या लघवीबद्दल बोलणार आहोत. बायकांच्या कार्यक्रमात हा विषय कशाला, असं कुणाच्या मनात येईल. पण लहान पोराला शू करायला अंगणात कोण नेतं? म्हाताऱ्या सासऱ्यांचं धोतर कोण धुतं? रात्री नवरा चार-चार वेळा उठला तर कुणाची झोप मोडते? दुखणं त्यांचं असलं तरी पहिल्यांदा नजरेला पडतं ते आपल्याच.

तुमच्यासारख्याच एका गटातल्या ताईंची गोष्ट सांगतो. त्यांनी स्वतःच सांगितलं, की नाव घेऊ नका, पण गोष्ट सगळ्यांना सांगा.

त्यांचा धाकटा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. उन्हाळ्यात त्याला जुलाब झाले, ते आठवडाभराने थांबले. पुढे पंधरा दिवसांत त्यांच्या लक्षात आलं, की पोरगा शूला उभा राहतो, धार चांगली सुरू होते आणि एकदम तुटते. नळाची चकती कुणी झटकन फिरवावी तशी. मग तो किंचाळतो, पाय एकमेकांवर दाबतो, टाचा उचलून नाचतो आणि शिश्नाचं टोक मुठीत धरून ओढतो. थोड्या वेळाने पुन्हा थोडी लघवी होते. दोन-तीनदा शेवटचे थेंब गुलाबी दिसले.

घरात म्हणाले, उन्हाळी लागली असेल. सब्जा दिला, धन्याचं पाणी दिलं. मग कुणी म्हणालं जंत असतील, म्हणून जंताचं औषध झालं. पोरगा दिवसभर तिथंच हात लावतो म्हणून आजी रागवायची. एकदा पाहुण्यांसमोर त्याने तसंच केलं आणि ताईंनी त्याला फटका मारला. त्या फटक्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज आजही बदलतो. कारण पोराला वाईट सवय नव्हती. त्याच्या लघवीच्या पिशवीत चिंचोक्याएवढा खडा होता.

नरसाळं आणि चिंचोका

आपल्या पोटात दोन मूत्रपिंडं असतात. तिथं तयार झालेली लघवी दोन बारीक नळ्यांतून खाली ओटीपोटातल्या पिशवीत येते. या पिशवीला मूत्राशय म्हणतात. पिशवीच्या तळाला तोंड असतं आणि तिथून निघालेल्या नळीतून लघवी बाहेर पडते. मुलगे आणि पुरुषांमध्ये ही नळी शिश्नातून जाते.

आता घरी एक गंमत करून बघा. तेल ओतायचं नरसाळं घ्या, त्यात एक चिंचोका टाका आणि पाणी ओता. पाणी खाली जाताना चिंचोक्याला ओढून नेतं आणि चिंचोका नरसाळ्याच्या गळ्यावर बसतो. धार बंद. नरसाळं तिरकं करून हलवा, चिंचोका बाजूला होतो आणि पाणी पुन्हा वाहतं. मूत्राशयात खडा असला की हेच होतं. उभ्याने लघवी करताना खडा तळाच्या तोंडावर येतो. आडवं झालं, कुशीवर वळलं, की तो सरकतो आणि वाट मोकळी होते.

ताईंनी हे आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं, फक्त त्याचा अर्थ माहीत नव्हता. उभा असताना रडणारा पोरगा सकाळी अंथरुणात आडवा असताना मात्र सरळ शू करायचा. अंथरूण ओलं केलं म्हणून त्यालाही बोलणी बसायची.

मग दुखतं टोकाला का? खडा तर वर ओटीपोटात आहे. याचं कारण नसांमध्ये आहे. मूत्राशयाच्या तळाची आणि शिश्नाच्या टोकाची खबर मेंदूकडे जवळजवळ एकाच वाटेने जाते. खडा तळाला घासला की मेंदूला वाटतं, टोकालाच दुखतंय. हृदयाचा झटका आलेल्या माणसाचा डावा हात दुखतो ना, तसाच हा प्रकार. लघवी संपताना पिशवी आवळली जाते आणि खड्यावर दाबली जाते, म्हणून कळ शेवटी जास्त येते. पोरगं टोक ओढतं ते या कळेवर उपाय म्हणून. तिथली कातडी बघून डॉक्टरसुद्धा कधी ‘सगळं ठीक आहे’ म्हणतात, कारण टोकाला खरोखरच काही झालेलं नसतं.

दुसरं दुखणं नाही ना, हे कसं ओळखावं

लघवीची सगळीच तक्रार म्हणजे खडा नव्हे. उन्हाळी लागली किंवा जंतुसंसर्ग झाला तर लघवी करताना जळजळ होते, घाईघाईने थोडी थोडी लागते, पण धार अशी एकदम तुटत नाही. टोकाची कातडी घट्ट असेल तर शू करताना ती फुग्यासारखी फुगते आणि धार बारीक येते. जन्मापासूनच मुलाची धार बारीक असेल, लघवी थेंबथेंब होत असेल, तर तो नळीतला जन्मजात अडथळा असू शकतो आणि तोही लगेच दाखवायला हवा. मूत्रपिंडातल्या खड्याची कळ कमरेच्या बाजूला उठते आणि जांघेकडे उतरते.

पिशवीतल्या खड्याची खूण अशी: धार चांगली सुरू होऊन एकदम तुटते, त्याच वेळी टोकाला कळ येते आणि आडवं झालं किंवा अंग बदललं की पुन्हा लघवी होते. धावल्यावर, सायकल चालवल्यावर किंवा खडबडीत रस्त्याने गाडीतून आल्यावर दुखणं वाढतं, कधी शेवटी रक्त दिसतं. या खुणा एकत्र दिसल्या तर घरचे उपाय करत बसू नका.

आणि एक करा. डॉक्टरांसमोर ‘तिथं दुखतं’ म्हणून थांबू नका. ‘धार मध्येच तुटते, शिश्नाच्या टोकाला दुखतं, आडवा झाला की लघवी होते’ असं पूर्ण सांगा. निम्मं निदान या एका वाक्यात आहे.

फोटो कोरा आला, तरी खडा होता

ताई पोराला घेऊन तालुक्याच्या गावी गेल्या. तिथं एका ठिकाणी पोटाचा एक्स-रे काढला. त्यात काही दिसलं नाही. ‘खडा नाही’ असं सांगून औषधाची बाटली देऊन घरी पाठवलं. घरच्यांचा जीव भांड्यात पडला आणि आणखी एक महिना गेला.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. सगळे खडे एक्स-रेत दिसत नाहीत. ज्यात कॅल्शियम भरपूर असतं ते पांढरे उठून दिसतात. युरिक अॅसिडचे आणि लहान मुलांत होणारे अमोनियम युरेटचे खडे मात्र बहुतेक दिसतच नाहीत. म्हणून एक्स-रे कोरा आला एवढ्यावरून खडा नाही असं म्हणता येत नाही.

शेवटी आशाताईंनी त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथं लघवी तपासली. त्यात रक्तपेशी आणि पू निघाला. तिथून चिठ्ठी घेऊन त्या सोनोग्राफीला गेल्या. सोनोग्राफीत पिशवी लघवीने भरलेली असली की खडा स्पष्ट दिसतो, म्हणून आधी पाणी पाजून थांबवतात. पोराला कुशीवर वळवलं तसा पडद्यावरचा पांढरा ठिपकाही सरकला. माप आलं 14 मिलिमीटर.

मुलग्यांनाच का, आणि खडा आला कुठून

मुलींना हा त्रास फार कमी होतो. मुलींची लघवीची नळी आखूड आणि मोकळी असते. बारीक कण धरला तरी तो वाहून जातो. मुलग्याची नळी लांब, बारीक आणि वाकडी, म्हणून कण आत राहतो आणि त्यावर थरावर थर चढत जातात. ऊस उकळणाऱ्या काहिलीच्या कडेला कसा थर धरतो, तसं.

लहान मुलांत हा खडा बहुतेक वेळा पिशवीतच तयार होतो, आणि त्याचं मूळ ताटात असतं. ताईंना आम्ही पोराचा रोजचा आहार विचारला. सकाळी चहा आणि टोस्ट. दुपारी भाकरी चहात किंवा पातळ आमटीत कुस्करून. रात्री भात-मीठ-तेल. घरचं दूध डेअरीला जायचं, अंडी बाजारात. डाळ मोठ्यांच्या वाटीत आणि पोराच्या वाट्याला वरचं पाणी. पोट भरत होतं, पण नुसत्या धान्यावर. दूध, अंडं, डाळ कमी पडली की शरीराला फॉस्फरस कमी मिळतो, आणि लघवीत असे पदार्थ वाढतात ज्यांचा खडा धरतो. त्यात उन्हाळा आणि जुलाब. शरीरातलं पाणी गेलं, लघवी थोडी आणि गडद झाली, आणि खडा धरायला जागा मिळाली.

हे दुखणं नवं नाही. सुश्रुतसंहितेत मुतखड्याला अश्मरी म्हटलं आहे, ती मुलांना जास्त होते हे लिहिलं आहे आणि ती शस्त्राने काढायची रीतही दिली आहे. दूध, डाळी, अंडी भरपूर मिळणाऱ्या देशांत लहान मुलांचा हा खडा आता जवळजवळ दिसत नाही.

काढावाच लागतो

ताईंनी विचारलं, हुलग्याचं पाणी पाजून विरघळणार नाही का? पानफुटीची पानं देऊ का? आपल्या गटांतही हेच विचारतात, म्हणून हिशोब मांडून दाखवतो. चार वर्षांच्या पोराच्या लघवीच्या वाटेत डॉक्टर जी रबरी नळी घालतात, ती जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची असते. खडा होता 14 मिलिमीटरचा. कितीही पाणी पाजलं तरी तो त्या वाटेने निघणार नाही. आणि समजा त्याचा तुकडा पडून नळीत अडकला, तर लघवी पूर्णच बंद होईल. हुलग्याचं कढण खाण्यात जरूर असू द्या, ते चांगलं अन्न आहे. पण एवढा खडा त्याने जात नाही. मोठ्या माणसांतले काही युरिक अॅसिडचे खडे औषधाने विरघळू शकतात, पण ते तपासणी करून डॉक्टरांनीच ठरवायचं.

काही जण वेदनाशामक गोळीवर महिने काढतात. गोळीने कळ दबते, खडा वाढतच राहतो. पिशवीत जंतुसंसर्ग मुरतो, तो वर मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो. लघवी तुंबून मागे दाब आला तर मूत्रपिंडांना इजा होते, आणि ती नेहमी भरून येईलच असं नाही.

ताईंच्या पोराची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात झाली. आधी जंतुसंसर्गाचं औषध दिलं. मग भूल देऊन ओटीपोटावर लहान छेद घेऊन खडा अख्खा काढला. काही ठिकाणी छोट्या भोकातून दुर्बीण घालून खडा फोडून काढतात. पोरगं किती लहान आणि खडा किती मोठा, यावर पद्धत ठरते. पिशवीची जखम भरेपर्यंत काही दिवस लघवीला नळी ठेवतात. या दिवसांत आईचं काम म्हणजे नळी ओढली जाऊ न देणं, पिशवी अंथरुणाच्या खाली लटकती ठेवणं आणि पोराला थोडं थोडं पाणी पाजत राहणं. पहिले एक-दोन दिवस लघवी लालसर आली तर घाबरू नये, पण नळीतून लघवी येणंच थांबलं तर लगेच नर्सबाईंना सांगावं. आठवड्याभरात पोरगा घरी आला.

खर्चाचं म्हणाल, तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का ते विचारा. आणि काढलेला खडा घरी नेऊन डबीत ठेवू नका, तपासणीला पाठवायला सांगा. ताईंच्या पोराचा खडा अमोनियम युरेटचा निघाला. असा खडा एकदा काढला आणि ताट सुधारलं, की बहुधा पुन्हा होत नाही.

म्हणून ताईंच्या घरात दोन बदल झाले. डेअरीला जाणाऱ्या दुधातलं एक पेला पोरासाठी मागे राहू लागलं आणि वरणाच्या पाण्याऐवजी दाट वरण त्याच्या भातावर पडू लागलं. कधी अंडं, कधी मूठभर भाजलेले शेंगदाणे. चहा बंद. पाणी, ताक, दूध मिळून दिवसाला साधारण सव्वा लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. माप सोपं आहे: शूचा रंग फिक्या लिंबूपाण्यासारखा असला की पाणी पुरतंय.

घरातल्या मोठ्या पुरुषांचं वेगळं

मोठ्या माणसाच्या खड्याचं कारण बहुधा ताटात नसतं, वाटेत असतं. असं बघा: मूत्रपिंडातून पिशवीत उतरणारी नळी आतून तीन-चार मिलिमीटरचीच असते. बाहेर जाणारी नळी त्याहून रुंद. जो खडा वरच्या अरुंद वाटेतून उतरला, तो खालच्या रुंद वाटेने सहज जायला हवा. मग तो आत का राहिला? आणि पिशवीत नव्याने धरला तर का धरला? कारण पिशवी पुरती रिकामी होत नाही. साठलेल्या पाण्यात गाळ बसतो, तसा तिथं खडा धरतो.

पन्नाशीनंतर पुरुषांची प्रोस्टेट नावाची ग्रंथी वाढते. ती मूत्राशयाच्या तोंडाशीच, नळीभोवती असते. ती वाढली की नळी दाबली जाते. सुरुवातीला धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, रात्री उठावं लागतं, कपड्यावर थेंब पडतात. हे वर्षानुवर्षं ‘वयोमान’ म्हणून सोडून दिलं जातं. एका गटातल्या काकूंचे यजमान अडुसष्ट वर्षांचे. त्यांनी एसटीने जाणंच सोडलं होतं, कारण मध्ये कुठं उतरावं लागेल याची धास्ती. एकदा ट्रॅक्टरवर बसून शेतातून आले आणि लघवीत रक्त दिसलं. तेव्हा कुठं बायकोला सांगितलं, की वर्षभर धार मध्येच तुटते आणि टोकाला सुई टोचल्यासारखं होतं.

त्यांच्या सोनोग्राफीत तीन सेंटिमीटरचा खडा निघाला. मग डॉक्टरांनी त्यांना लघवी करून यायला सांगितलं आणि पुन्हा सोनोग्राफी केली. लघवी करून आल्यावरही पिशवीत दीडशे मिलिलिटर उरली होती. ही दुसरी तपासणी महत्त्वाची, कारण खडा का झाला ते तिच्यातून कळतं. त्यांच्या लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून लेसरने खडा फोडून काढला आणि त्याच वेळी वाढलेली प्रोस्टेटही मोकळी केली. नुसता खडा काढला असता तर तो पुन्हा झाला असता. म्हणून घरातल्या पुरुषाचा खडा निघाला, की डॉक्टरांना विचारायचा प्रश्न एकच: ‘हा झाला कशामुळे, आणि त्याचं काय करायचं?’

ज्यांना जुन्या जखमेने किंवा आजाराने लघवीची नळी आकसली आहे, मणक्याला मार लागून लघवीचा ताबा गेला आहे किंवा कायम रबरी नळी घातलेली आहे, त्यांनाही हा खडा होतो. रबरी नळी वारंवार बंद पडू लागली किंवा काढल्यावर तिच्या टोकाला पांढरी खर दिसली, तर खड्याची तपासणी मागा.

कधी थांबायचं नाही

लघवी पूर्ण बंद झाली, ओटीपोट फुगून कडक झालं, माणूस तळमळतोय, तर रात्र असो की दिवस, त्याच वेळी रुग्णालय गाठायचं. 108 ला फोन करून गाडी बोलवा. ‘पाणी पी म्हणजे होईल’ म्हणून पाणी पाजू नका, पिशवी आणखी ताणली जाते. ओटीपोट दाबू किंवा चोळू नका. खडा टोकाशी आलेला दिसला तरी पिन, काडी किंवा चिमट्याने काढायला जाऊ नका, नळी फाटते. खड्याच्या त्रासात थंडी वाजून ताप आला, पोर मलूल झालं, उलट्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी न्या. रक्त दिसलं पण लघवी होते आहे, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत तपासणी झालीच पाहिजे.

ताईंचा पोरगा आता शाळेत जातो. शस्त्रक्रियेनंतर घरी आल्यावर पहिल्यांदा तो अंगणात उभा राहिला, तेव्हा ताई दारात श्वास धरून उभ्या होत्या. धार सुरू झाली आणि शेवटपर्यंत तुटली नाही. पोरगा मागे वळून म्हणाला, ‘आई, नाही दुखलं.’ ताई आम्हाला म्हणाल्या, ‘त्याने मला तीन महिने सांगितलंच होतं की. हाताने सांगत होता. मला वाचता आलं नाही.’

तुमच्या आळीत, अंगणवाडीत एखादं पोर असं टोक ओढत रडत असेल, तर त्याच्या आईला नरसाळं आणि चिंचोका दाखवा. पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. नमस्कार.